खरं नाव कळवल्याशिवाय

नाही ताई, तो गठ्ठा नको, वाळवीनं खाल्लाय — हा घ्या, तुमच्या प्रबंधाला हाच लागेल. मामंजी येईपर्यंत बघून घ्या. हळू बोलते हं, छोटी झोपलीय आत. शनिवारी नणंदबाई नेणार तिला. राहायला? छे हो, कायमची. त्यांना मूल नाही ना, मामंजींनी शब्द दिला. मला विचारलं का? मला कोण विचारतंय.

तर हे मामंजींच्या आजोबांचं साप्ताहिक. तेव्हा सरकारी भाषेतली, इंग्रजी वर्तमानपत्रं साहेबलोक वाचायचे, पण हे आपल्या भाषेत — एक अंक न्हाव्याच्या दुकानात मोठ्यानं वाचला की वीस जण ऐकायचे, आणि त्यातला एक घरी जाऊन बायकोला सांगायचा. मी सातवी शिकलेली, पण सगळे अंक वाचलेत. करायचं काय दुसरं? या पानावर बघा, एका विधवेचं पत्र, दिराच्या घरच्या जाचाबद्दल, खाली सही ‘एक अभागिनी’. पुढच्या आठवड्यात विरोधकांच्या साप्ताहिकात तिला शिव्या. मग यांचं उत्तर, मग त्यांचं — भांडण पेटलं तसे दोघांचे अंक हातोहात जायचे. सरकारचा भाषांतरकार दर आठवड्याला सारांश काढून वर पाठवायचा, म्हणून तर साहेबाच्या कानावर गेलं. मग सभा, सरकारकडे सह्यांचा अर्ज, अर्जातली नावं पुन्हा छापून — ज्याचं नाव नाही त्याला लाज वाटावी म्हणून. तुम्हाला हेच हवं होतं ना?

पण खाली बारीक अक्षरात नियम आहे तो लिहून घ्या. टोपणनाव चालेल, पण खरं नाव-गाव संपादकाला कळवलं पाहिजे, नाहीतर पत्र छापणार नाही. तिनं कळवलं बिचारीनं. मग विरोधक म्हणाले, अशी कुणी बाईच नाही, संपादकच लिहितो. तेव्हा आजोबांनी काय केलं? पुढच्या अंकात तिचं नाव छापलं — गाव, दिराचं नाव, सगळं. मोठा विजय झाला म्हणतात. मामंजी भाषणात सांगतात, टाळ्या पडतात. त्यानंतर त्या बाईचं एकही पत्र नाही. मी सगळे गठ्ठे पालथे घातले, ताई. एकही नाही.

आजही नाव मागतात का हो? मागतच असतील. मीही पत्र लिहिलंय, त्यात लिहिलंय खरं नाव. छोटीचंही लिहिलं, शनिवारही लिहिला. हे पाकीट तुमच्या शहरातल्या पेपरात — तुम्ही हातानं द्याल? पोस्टात टाकायचं तर मामंजींच्याच हाती द्यावं लागतं. संपादकांना सांगा, नाव आतच ठेवा, कुणी खोटं म्हटलं तरी. सांगाल ना? असं काय बघताय माझ्या मागे —

आलात मामंजी? या निघाल्याच होत्या. नाही, फारसं काही मिळालं नाही त्यांना. पाकीट ना? ते त्यांचंच आहे, कॉलेजचं. बघायचंय तुम्हाला? — ताई, निघा. निघा तुम्ही.