अण्णांनी सुधारलेला माझा अर्ज

...तर अर्ज माझा, सही माझी, आणि मजकूर? अण्णांचा! तुम्हास्नी सांगते, वडील हौशी असले की सुटका न्हाय!

बेळगावच्या आकाशदर्शन मंडळाला स्वयंसेवक पाहिजे होते. मी बी.एस्सी.ला, म्हटलं अर्ज करावा. अनुभव काय लिहू? तर लिवलं, बेळगुंदीत आमच्या गच्चीवर दोन डोळ्यांची दुर्बीण स्टुलाला बांधते, एका भिंगावर टोपण ठेवते, दुसऱ्यातनं सूर्याचा गोल पांढऱ्या कागदावर पाडते. डोळा लावायचा न्हाय हां, कायमचं आंधळं व्हाल! कागदावरनं गोल सरकतोय, तो जिकडं सरकतोय ती त्याची पश्चिम. मग रोज त्याच वेळेला गोलातल्या डागांचं चित्र काढायचं. डाग दिसागणिक पश्चिमेकडं सरकतात, कडेला जाऊन दिसेनासे होतात... सूर्य स्वतःभोवती फिरतोय की! ढगाच्या दिवशी गोल कोरा ठेवायचा, खाली ‘ढगाळ’ लिवायचं. आणि एक ठिपका रोज एकाच जागी! दुर्बीण जरा हलवली, तर सूर्यासंगं न जाता दुर्बिणीसंगं गेला. म्हंजे भिंगावरची घाण. पुसली, गेला. तेबी लिवलं.

अण्णा म्हणाले, “घाण कशाला लिवतीस गं? बाकीचे डाग जगाला दिसत्यात. ह्यो फक्त तुलाच दिसलाय!”

“अण्णा, म्हणूनच ती घाण हाय!”

“तू लई लाजतीस.”

आणि मी कॉलेजला गेल्यावर अर्ज बदलून माझ्याच मेलवरनं पाठवून मोकळे! ‘सूर्यावरील नवीन डागाचा शोध लावला.’ सुटका न्हाय!

मुलाखतीला अण्णा संगं. मंडळाच्या वासंती मॅडम चष्म्यावरनं बघत म्हणाल्या, “नवीन डाग? कुठं आहे?”

इकडं अण्णांची छाती फुगलेली, तिकडं मॅडम... मी कुठं जाऊ हो? खरं बोलले तर अण्णा उघडे पडणार, खोटं बोलले तर मी!

“मॅडम... ती घाण हाय.”

अण्णा खाली बघाय लागले. मला लई वाईट वाटलं बघा. चित्रं पुढं ठेवली. मॅडमनी स्वतःची काढली, तारखेला तारीख लावली. डाग जुळले. कोऱ्या गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे मला आवडलं. न दिसलेलं बरेच जण मनानं भरतात. घेतलं तुला.”

माझ्या डोळ्यांत पाणी! तेवढ्यात अण्णा, “मॅडम, चूक माझी हाय, पोरीची न्हाय. पण मला सांगा, ह्ये डाग काळे का वो दिसत्यात?”

“भोवतालापेक्षा थंड असतात, म्हणून.”

झालं! अण्णांनी तिथल्या शिपायाला ते मराठीत सांगितलं, दाराशी आलेल्या पोरांना कन्नडमधी सांगितलं, वर हातवारे! मॅडम बघतच राहिल्या. “अहो, असा माणूसच पाहिजे होता आम्हाला!”

आता सुटका कसली? पहिल्याच कार्यक्रमाला अण्णा दुर्बिणीपाशी, गळ्यात मंडळाचं ओळखपत्र, भोवती ही गर्दी... आणि मी? पार्किंगमधी. “काका, स्कूटर जरा आत घ्या!”