खंडनाची दुसरी आवृत्ती

सन १७६५. फ्रान्समधल्या ल्यों शहरात, घोडागाडीच्या थांब्यावर ओदील बसली होती. शेजारी एक म्हातारे पाद्री आणि एक पुस्तकविक्रेती बोलत होती.

“पाद्रीबाबा, धर्मावर टीका करणाऱ्या त्या पुस्तकाचं तुम्ही लिहिलेलं खंडन हातोहात खपतंय!”

“देवाची कृपा.”

“कृपा कसली! मूळ पुस्तक न्यायालयानं जाळलं. त्यातले चमत्कारांवरचे, धर्मछळावरचे आक्षेप तुम्ही जसेच्या तसे छापलेत. लोक तेवढेच वाचतात.”

“बिशपांनाही कळलंय ते. नव्या आवृत्तीत आक्षेप गाळा, नुसती उत्तरं ठेवा, म्हणतात.”

“मग गाळा की!”

“प्रश्नच नाही, तर उत्तर कुणाला देऊ? आणि छळाबद्दल माझ्याकडे उत्तरच नाही, बाई. तिथं त्या पुस्तकाचा लेखक खरं बोललाय.”

“हे बिशपांसमोर बोलाल?”

“त्यासाठीच निघालोय.”

ओदीलनं सरकून पाद्रीबाबांच्या गाठोड्याला जागा करून दिली.