पहिल्याच चॅटमध्ये तीन अटी

तुम्ही हसाल, पण मी पहिल्याच चॅटमध्ये लग्नाच्या अटी टाकल्या होत्या. आधीच्या मुलाशी चार महिने गोड बोलले आणि कांदेपोह्यांच्या दिवशी त्याची आई म्हणाली, "नोकरी सोडावी लागेल." म्हणून या वेळी गोडदेवच्या सायबर कॅफेत बसले आणि लग्नाच्या साइटवर सापडलेल्या उत्तनच्या विल्सनला सरळ लिहिलं, "तू कॅथलिक, मी हिंदू. मी धर्म बदलणार नाही."

"नको बदलू. रजिस्टर लग्न करू. पण मुलांचा बाप्तिस्मा?"

"मोठी झाली की त्यांचं ती ठरवतील."

"चालेल. नोकरीही करू देईन."

"देईन म्हणजे? मी नर्स आहे, नाइट ड्यूटी असते. विचारत नाहीये, सांगतेय."

"सॉरी."

"आणि तुझ्या आईवडिलांसोबत राहणार नाही. वेगळं घर हवं."

दहा मिनिटं काहीच आलं नाही. म्हटलं, गेला हाही. उठणार, तेवढ्यात स्क्रीनवर उत्तर आलं.

"मी विल्सनची आई. तो विचारायला आला, म्हणून मीच लिहिते. घर खुशाल वेगळं बघा. तीस वर्षं याचे कपडे धुतेय. फक्त लवकर बघा."