आभाराची दोन मिनिटं

...आणि म्हणे दोन मिनिटांचं काम! तुम्हाला सांगतो, 'दोन मिनिटांचं काम आहे' असं म्हणणारा माणूस दिसला ना, की सरळ जिन्याने पळा. मी पळू शकलो नाही, कारण मला तो लिफ्टमध्ये भेटला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी! दार बंद, मी कोपऱ्यात, हा समोर. ''आज वार्षिक सभा. शेवटी आभार तुम्ही मानायचे. मी चिठ्ठी लिहून देतो, तुम्ही फक्त वाचायची. दोन मिनिटांचं काम!'' नाहीच म्हणणार होतो हो! पण चार महिने माझ्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय, आणि माझा अर्ज याच्या फायलीत. लिफ्ट थांबता थांबता म्हणतो कसा, ''तुमच्या गळतीचंही बघतोय मी...'' झालं. सापडलो.

सभा खाली पार्किंगमध्ये, सकाळी दहाला. दहाला आले किती? अकरा! गणपूर्तीला वीस लागतात. मग चेअरमननी घड्याळ बघून सभा अर्धा तास तहकूब केली. तहकूब म्हणजे काय, तर त्याच खुर्च्यांवर तेच अकरा जण एकमेकांची तोंडं बघत बसले, आणि साडेदहाला तीच सभा सुरू झाली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग हळूहळू तीसेक जण जमले. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम, अहवाल मंजूर, ऑडिटरची नेमणूक... दर विषयाला एक सूचक, एक अनुमोदक, आणि दोघंही हात वर करतात ते जांभई देता देता! इतर लोक मधूनच उठून घरी जाऊ शकतात हो. आभारवाला कुठे जाणार? त्याचा नंबर सगळ्यांत शेवटी! आभार झाल्याशिवाय सभा संपत नाही, आणि सभा संपल्याशिवाय मला जेवायला मिळत नाही.

शेवटी चेअरमननी एका दमात म्हटलं, ''ऐनवेळचे विषय कोणाचे आहेत का नाहीत आता आभार!'' स्वल्पविरामसुद्धा नाही मध्ये!

उठलो. वाचायला लागलो. अध्यक्षस्थान भूषवल्याबद्दल चेअरमन... टाळ्या. अथक परिश्रमांबद्दल सेक्रेटरी... हे त्यानेच लिहिलेलं, 'अथक' खाली दोन रेघा! खजिनदार, कमिटी, ऑडिटर. मग कर्मचारी. जिने झाडणाऱ्या मावशी, पंपवाला, आणि... मी आपला गाडी सुटल्यासारखा वाचतोय... ''आणि आपले वॉचमन, यांच्या अकरा वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानून, या महिनाअखेर त्यांना निरोप देताना...''

थांबलो. अहो, वॉचमनकाका समोरच उभे! रिकाम्या खुर्च्या एकात एक घालत होते. हातातली खुर्ची हातातच राहिली. मला म्हणाले, ''साहेब, निरोप कोणाला?''

आता काय सांगू? अकरा वर्षांची नोकरी गेली हे माणसाला कळतंय कशातून, तर आभारातून! आणि कळवतंय कोण? मी!

एकदम कल्ला. सेक्रेटरी म्हणतो, ''कमिटीचा निर्णय आहे. एजन्सी नेमतोय, उद्या करारावर सह्या.'' तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई उठल्या, ''आम्हाला का नाही सांगितलं?'' चेअरमन शांतपणे, ''विषयपत्रिकेवर नव्हतं. आणि नव्हतं म्हणून आता त्यावर ठरावही होणार नाही. आभार सुरू झालेत. आभार संपले की सभा संपली.''

वकीलबाई म्हणाल्या, ''अगदी बरोबर! ठराव नाही होणार. पण एकपंचमांश सभासदांनी लेखी मागितली तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते. साठांतले बारा. ती मागणी हातात पडल्यावर उद्या करारावर सही करून दाखवा! कागद द्या कोणीतरी!'' आणि माझ्या कानाशी येऊन, ''सभा संपली की हे सगळे पांगतील. बारा सह्या होईपर्यंत तुम्ही थांबायचं नाही. बोला!''

बोला! काय बोलू? चिठ्ठीत शेवटची ओळ उरलेली, 'उपस्थित सभासदांचे आभार'! या बाजूने सेक्रेटरी दबक्या आवाजात, ''आटपा हो, दोन मिनिटांचं काम!'' त्या बाजूने वकीलबाई बोटांनी खुणावतायत, तीन झाल्या! मी घाम पुसला आणि म्हटलं, ''सभासदांचे आभार मानताना... मजलावार मानणं उचित ठरेल.'' सेक्रेटरीने कपाळावर हात मारला. पहिल्या मजल्याचे मानले. दुसऱ्याचे मानले. वेळेवर आलेल्यांचे, उशिरा आलेल्यांचे, न येऊन खुर्ची रिकामी ठेवणाऱ्यांचे! माइकचे, माइकच्या वायरचे! तिकडे कागद फिरतोय. एकाने सही केली, तर फ्लॅट बायकोच्या नावावर. खोडा! तो धावला बायकोला आणायला. दुसरा भाडेकरू निघाला. खोडा! सात... सहा... आठ... आणि माझे आभार संपले!

तेव्हा मी वॉचमनकाकांकडे बघितलं. आणि तोंडातून निघून गेलं ते कुठल्या चिठ्ठीत नव्हतं. म्हटलं, माझ्या वडिलांना शेवटी शेवटी काही आठवायचं नाही. रोज दुपारी बूट घालून निघायचे, ऑफिसला जायचंय म्हणून. आम्ही दोघं नवराबायको कामावर. वॉचमनकाका त्यांना फाटकाशी अडवायचे नाहीत. मावशींना फाटकावर बसवायचे आणि यांच्याबरोबर बिल्डिंगला चार चकरा मारून म्हणायचे, ''बाबा, ऑफिस सुटलं, चला घरी.'' दीड वर्ष, रोज. आम्हाला कळलं ते वडील गेल्यावर, मावशींकडून. आणि मी... मी या माणसाचे आभार कधी मानलेच नव्हते. आज पहिल्यांदा मानले, ते सेक्रेटरीच्या अक्षरात.

वॉचमनकाका खुर्चीची धूळ पुसत बसले, नसलेली.

मग कागद भराभरा फिरला. अकरा! आणि तो अकराव्या सहीवर अडला, आणि वकीलबाईंनी तो माझ्यापुढे धरला. सेक्रेटरी माझ्याकडे बघतोय, एकटक. मला त्याच्या डोळ्यांत माझं छत दिसायला लागलं. थेंब, थेंब, थेंब... तुम्हाला सांगतो, पेन इतकं जड कधी लागलं नव्हतं. केली सही! कागद चेअरमनच्या हातात, पोच घेतली, आणि मग मी म्हटलं, ''सर्वांचे आभार.'' पाऊण तास झाला होता.

विशेष सभा झाली. एजन्सी रद्द, काका राहिले. आता माझ्या दुचाकीचा हॉर्न अर्धासुद्धा वाजत नाही, तोवर फाटक उघडतं. छत? छत ठिबकतंय. अर्ज सापडत नाही म्हणे.

परवा वार्षिक सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा आला, हरकत असल्यास कळवा म्हणून. मी अधाशासारखं शेवटचं पान उघडलं. एवढं रामायण झालंय, निदान पानभर तरी असेल? एक ओळ! ''शेवटी आभारप्रदर्शन होऊन सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली.''

हरकत घेणार होतो हो. पण हरकत घेतली तर त्यावर सभेत बोलावं लागेल... म्हटलं, असू दे. खेळीमेळीच होती.