कामाचं एक अक्षर न्हाई

—न्हाई न्हाई, उठू नगंस गड्या, पड तसाच. आन् बोलायचं तर अजिबात न्हाई. अंजनावैनींनी दारातच बजावलंय मला — डॉक्टरनं गळ्याला इश्रांती सांगितलीया, महिनाभर तोंडातनं शबुद काढायचा न्हाई, आन् आल्यागेल्यानं कारखान्याच्या कामाचं बोलायचं न्हाई, बोललं की रात्रीचा ताप चढतोय. म्हटलं वैनी, तुमी मला वळखलं न्हाई. अकरा वरसं शेतकी खात्यात ह्याच्या शेजारच्या टेबलाला बसलोय मी. हेडक्लार्क असलो म्हणून काय झालं, आधी माणूस हाय. कामाचं एक अक्षर काढलं तर लालासाहेब नाव सांगणार न्हाई. ही पपई घ्या, इस्लामपूरच्या स्टँडावर घेतली. जरा दबलीय. यष्टीत माझ्याच मांडीवर व्हती, काय करणार.

छान दिसतोयस की! न्हाई, खरंच. गाल बसल्यात, पर चेहऱ्यावर लाली हाय. — काय वैनी? तापाची? असंना का, लाली ती लाली. आमच्या उंब्रजच्या मावशीचा दीर तुझ्यासारखाच छातीनं अंथरुणाला खिळला, सा महिन्यात उठून नांगर धरला त्यानं. मंजे पुढं गेला तो, पर ते येगळं. माणसानं मनाला लावून घ्यायचं न्हाई, एवढंच माझं म्हणणं. हापिसाची तर काळजीच करू नगंस. समदं येवस्थित चाललंय. येवस्थित मंजे — चाललंय. गळीत सुरू झालं, उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापतुर जातीया, आन् जो त्यो इचारतोय, आकाराम कवा येणार, आकाराम कवा येणार. मी तुला इचारतोय का? न्हाई. हे काम न्हवं, ही नुसती बातमी. बातमीनं ताप चढत न्हाई कुणाला.

धुळा येतोय न्हवं का तुझ्याकडं? आमचा शिपाई रं. दर पंधरा दिवसांनी सायकल मारत येतोय म्हणं. आन् येण्याआधी कार्ड टाकतोय — ‘येऊ का, का दम लागतोय?’ आता सांग, आजाऱ्याला भेटायला कुणी परवानगी मागतंय व्हय? आन् करतोय काय येऊन? धा मिन्टं त्या उंबऱ्यापाशी बसतोय, मेंढीला दोन पिल्लं झाली म्हणून सांगतोय, तुझा डॉक्टरचा दाखला खिशात घालतोय आन् जातोय. दाखला सायबाच्या टेबलावर ठेवला, रजा पुढं मंजूर, झालं. परवा सायबानं त्याला इचारलं, आकाराम कामाचं काय म्हणतोय, कवा हजर व्हतोय? तर हा बाबा म्हणतोय — ‘मी इचारलं न्हाई साहेब. इचारलं तर तेंला उत्तर द्यावं लागंल.’ बघ! अडाणी माणूस. पाच महिनं येतोय आन् एक कामाची गोष्ट हाताला लागली न्हाई त्याच्या. मी काय म्हटलं साहेबाला — साहेब, तिथं वजनदार माणूस पायजे. मी जातो.

आता गंमत सांगतो, काम न्हवं हां. तुझा तो नेम — ज्याच्या उसाची लागण आदी, त्याला तोड आदी, मग त्यो कुणाचा का असंना. लय चांगला नेम. तुझ्या नोंदवहीवर समदी पंचक्रोशी इश्वास ठेवती. तर झालं काय, त्या केरबानं अर्ज दिला. म्हणतोय माझी लागण पंधरा जुलैची, माझ्या उसाला तुरा आला, वजन घटाय लागलं, आन् बाळासोचा ऊस ऑगस्टातला असून तोडून गाळून झाला कसा? बाळासो मंजे आपल्या संचालकांचा मेव्हणा, ठावं हाय तुला. आता नोंदवहीत बघावं तर बाळासोची लागण आठ जुलै पंच्याहत्तर. स्वच्छ. मंजे — अठ्ठावीस-आठ व्हतं त्याचं आठ-सात झालंय. दोनाचा आकडा खरवडलाय, आन् म्हैन्याच्या आठाचा सात केलाय. ब्लेडनं. कुणी केलं कुणास ठावं. ब्लेड माझ्या ड्रॉवरातलं व्हतं, पर ड्रॉवराला कुलूप कुठं असतंय? आन् संचालकांनी सवता बंगल्यावर बोलवून च्या दिल्यावर माणूस न्हाई म्हणंल कसं? — मंजे ज्यानं केलं त्यो.

खोकू नगंस, खोकू नगंस! पानी द्या वैनी. हे बघा, मी कामाचं बोलत न्हाई, मी माझं दुखणं सांगतोय. तपासणीचं सायेब उद्या सोमवारी येणार. ते म्हणत्यात, खाडाखोड एक येळ चालंल, पर शेजारी वही ठेवणाऱ्याची सही आन् तारीख पायजे. ती न्हाई. मग ज्याच्या कपाटात वही, त्यो निलंबित. तू रजेवर गेल्यापास्नं वही माझ्या कपाटात हाय. रिटायर व्हायला दोन वरसं ऱ्हायल्यात रं माझी. भ्या वाटतंय मला, खरं सांगतो. झोप न्हाई आठ दिस. तुला निदान डॉक्टर तरी हाय.

तर — ह्या पिशवीत पपईखाली वहीच हाय. घाबरू नगंस, उद्या धाच्या आत परत कपाटात. अकरा वरसं मी तुझ्या नोंदीवर डोळं झाकून सह्या केल्या, तू माझ्यासाठी एक करायची. आखूड सही, शेजारी तारीख — सप्टेंबर पंच्याहत्तर घाल. मंजे कसं, तवाच चूक झाली, तवाच दुरुस्त केली, इषय संपला. तुला काय व्हतंय? आजारी माणसाला कोण काय करतंय? लई झालं तर एखादा मेमो येईल, त्यो मीच टाईप करणार, मऊ करीन. — वैनी, डोळं वटारू नगा, त्यानं सवता हात पुढं केलाय! बघा. हे घे पेन. उशी लावू का पाठीला? मला ठावं व्हतं. मी सायबाला म्हटलंच व्हतं, आकाराम मंजे माणूस हाय.

हां, हितं, ह्या खरवडल्याशेजारी. सावकाश. घाई न्हाई. … दमलास? थांब की मग. … आरं, आखूड सही म्हटलं मी. एवढं काय लिवतोयस? समासात जागा न्हाई तर खाली कशाला जातोयस? … अक्षर मातुर अजून मोत्यावानी हाय हां तुझं. झालं? बघू. आण हिकडं.

‘ही खाडाखोड माझी नाही. मी दि. ९ जुलै १९७६ पासून आजारी रजेवर आहे. आज रविवार, दि. १२ डिसेंबर १९७६ रोजी हेडक्लार्क लालासाहेब यांनी ही वही माझ्या घरी आणून मागील तारखेची सही मागितली.’

आन् खाली लांब सही. तारखेसकट. वैनींची साक्षीदार म्हणून सही घ्यायला पेन त्यांच्याकडं देतोयस व्हय? … वैनी, सही करू नगा, ऐका माझं. … केली.

आरं, पानाला नंबर हायेत. शिक्क्याचं पान हाय. फाडाय येत न्हाई, आन् खरवडावं तर किती खरवडू?

व्हय वैनी, उठलो. च्या नगं. दार कशाला एवढं सताड उघडलंय, जातोय की मी. … आकाराम, ते ऱ्हाऊ दे समदं — मी खरं तर एवढंच इचारायला आलो व्हतो, की तुला बरं —