नऊ वर्षांनी चपला

छबूबाई : आरं आदिनाथ, आज बी चारलाच उठलास? निकाल लागला, पोरा. झोप की आता. नऊ वर्सं तुझा च्या ठिवायला मी बी चारलाच उठतीय.

आदिनाथ : डोळाच उघडतो, आई. पुस्तक पण काढलं. दोन पानं वाचली, मग आठवलं, परीक्षाच राहिली नाही.

कारभारी : फौजदार झालाय त्यो. फौजदारानं लवकर उठावंच.

आदिनाथ : अण्णा, चपला काढून का ठेवल्यात?

कारभारी : चावत्यात.

छबूबाई : परवा सत्काराला पोरानं ह्यांच्या पायात घातल्या तवा आख्खं मिरजगाव रडत हुतं. पोरगं फौजदार हुईस्तोवर बाप अनवानी फिरला म्हून.

आदिनाथ : मला नाही आलं रडू.

कारभारी : म्हंजी?

आदिनाथ : जेसीबीवरून गुलाल टाकत होते, तेव्हा वाटलं, आता आनंद होईल. मग वाटलं, घरी गेल्यावर होईल. मग उद्या. यादीत नाव दिसलं तेव्हा पाच मिनिटं बरं वाटलं. लगेच बघायला लागलो, माझ्या वर कोण कोण आहे. संपलं.

कारभारी : पाच मिन्टं? माज्या टाचंत बाभळीचा काटा दोन म्हैनं हुता, आन तुला पाच मिन्टं?

आदिनाथ : मी सांगितलं होतं का नवस करायला? चौथ्यांदा नापास झालो तेव्हाच सोडणार होतो. तुमचे पाय बघून परत फॉर्म भरला. ज्योती लग्नासाठी थांबायला तयार होती. तिलाही म्हटलं, निकालानंतर बघू. तिची पोरगी आता शाळेत जाते.

कारभारी : मंग आमीच वाईट.

छबूबाई : त्याला बोलू नगा. तुमी तरी खुश हाय का?

कारभारी : काल बाजारात गेल्तो, चपला घालून. आधी लोकं पाया पडायची. इचारायची, कारभारी, पोराचं कवा? काल कुनी ढुंकून बघितलं न्हाई. मानूस चपला घालून चाललाय, त्यात काय बघायचं?

छबूबाई : अवो, मंग आता?

कारभारी : आदिनाथ, डीवायएसपीची परीक्षा असती ना वरची?

आदिनाथ : अण्णा, नको.

कारभारी : छबे, ह्या चपला पिशवीत बांधून ठिव. त्यो डीवायएसपी झाला की काढू.

आदिनाथ : बाहेर अंधार आहे, काटा मोडेल. घालून जा, पाया पडतो.

कारभारी : तू अभ्यासाला बस. मला सवय हाय.

(कारभारी अनवाणीच अंगणात उतरतात.)

छबूबाई : आरं, अडीव की त्यांना! गप का बसलास?

आदिनाथ : आई, कुणाला सांगू नको. अण्णा डीवायएसपी म्हणाले ना, तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

छबूबाई : …उद्या चारलाच ठिवते मंग च्या.