अध्यक्षपद नाकारलं त्या दिवशी

खरं सांगू, मानाला न्हाई म्हणणं सोपं नसतंय. चिटगुप्प्याच्या आमच्या सरकारी शाळेत पालकांची सभा होती. शाळेच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या पालक समितीचे सदस्य निवडून झाले आणि अध्यक्षपदासाठी एकानं माझं नाव सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं.

मी उठलो. "मी बियाणं विकायला महिन्यातले वीस दिवस लातूर-सोलापूर फिरायलोय. दर महिन्याची बैठक, दुपारच्या जेवणाची पाहणी, हे कधी करू?"

हेडमास्तर म्हणाले, "अण्णा, कामून काळजी करायलाव? रजिस्टर घरी पाठवतो. सही तेवढी करा."

तिथंच माझं ठरलं. "न बघता सही करायची असंल तर मला नको."

सदस्यांतली महादेवीअक्का रोज लेकराला सोडायला यायची. ती हळूच म्हणाली, "मी रोज येते. पण मला वाचायला जमत न्हाई."

"वाचून सर दाखवतील. बघायचं काम तुमचं," मी म्हणालो. अक्कांच्या नावाला सगळ्यांनी हात वर केले.

त्याच शाळेत शिकणारी माझी मुलगी, बाबा अध्यक्ष झाले न्हाईत म्हणून, दोन दिवस रुसली. महिन्याभरानं मी फिरतीवरून आलो तेव्हा म्हणाली, "बाबा, अक्कांनी शाळेत आमच्या मुलींच्या संडासाला कडी बसवून घेतली."

"तुटली होती व्हय?"

"दोन वर्षांपासून."